‘नाही’ पुढच्या ओळीत

आजोबांना जाऊन वर्ष झालं, तेव्हा नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावी स्मरणाची प्रार्थनासभा ठेवली होती. चुलतभाऊ पेटीवर एक इंग्रजी चाल छान वाजवतो. त्या चालीवर मराठी शब्द बसवायचं काम माझ्याकडे आलं. घरात मीच एकटा कविता वाचणारा, शिवाय पडद्यावर शब्द दाखवायचं यंत्रही मीच चालवणार होतो. पुण्याहून येताना बसमध्ये बसल्या बसल्या मी चार ओळी केल्या. आधी आठ अक्षरं, मग सहा, पुन्हा आठ, पुन्हा सहा. बोटांवर मोजून अक्षरं बरोबर भरली आणि मी खूश झालो.

अंधारात या तू आम्हा
टाकणार दूर
कधी नाहीस, हे प्रभो
भरवसा पुरे

वाक्य सरळ आहे. या अंधारात तू आम्हाला कधी दूर टाकणार नाहीस, एवढा भरवसा पुरे. पडद्यावर चारही ओळी एकदम दिसत होत्या, त्यामुळे वाचणाऱ्याला काही अडचण नव्हती. पण आजीला मोतीबिंदूमुळे पडदा दिसत नाही, आणि तिच्यासारख्या आठ-दहा जणी पुढच्याच सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांच्यासाठी काकांनी जुन्या पद्धतीनं ओळ द्यायला सुरुवात केली. म्हणजे ते एक ओळ गाणार आणि बाकीच्यांनी तीच मागून म्हणायची. पहिली ओळ झाली. दुसरी ओळ काकांनी दिली, ‘टाकणार दूर’. बायकांनी ती म्हटली. चालीत या ओळीच्या शेवटी चांगला लांब थांबा आहे, तो पेटीनं पुरा केला. मग तिसरी ओळ आली, ‘कधी नाहीस, हे प्रभो’. आजी गायची थांबली.

रात्री जेवताना तिनं विचारलं, “बाळा, ते टाकणार म्हणून काय लिहिलंस रे?” मी पूर्ण वाक्य म्हणून दाखवलं. ती म्हणाली, “आसंल. पर माझ्या तोंडी तर टाकणार एवढंच आलं ना. आन् मग म्हणायला लावलं, तू कधी नाहीस.”

तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. माझ्या चार ओळींत एक विधान होतं, पण तिच्या तोंडून दोन निघाली. पहिलं, देव आम्हाला टाकणार. दुसरं, देव कधी नसतोच. आणि हे तिला नवऱ्याच्या वर्षश्राद्धासारख्या दिवशी, सगळ्या मंडळीसमोर, मोठ्यानं म्हणावं लागलं होतं. चूक छंदाची नव्हती, व्याकरणाचीही नव्हती. वाक्य मी जिथे तोडलं, तिथे ती होती.

त्यानंतर काही महिने मी या एकाच प्रश्नाच्या मागे लागलो. गाण्यात वाक्य कुठे तोडायचं, हे आधीच्या लोकांनी कसं ठरवलं होतं? आणि शोधायला फार लांब जावं लागलं नाही, कारण या प्रश्नाच्या दोन परंपरा आमच्याच जिल्ह्यात येऊन भेटल्या होत्या.

ओळ देण्याची पद्धत आजीला वाटते तशी फक्त आपली नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या बऱ्याच देवळांत हेच चालायचं. पुस्तकं थोडी आणि वाचता येणारे त्याहून थोडे. म्हणून एकानं स्तोत्राची ओळ वाचायची आणि मंडळीनं ती गायची, मग पुढची ओळ वाचायची. १६४०च्या दशकात तिथल्या धर्मसभेनं उपासनेचे जे नियम ठरवले, त्यांतही लोकांना वाचता येत नसेल तर असंच करावं, अशी सूचना होती. अडचण अशी की छंदात बसवलेली जुनी स्तोत्रं असं तोडून गाण्यासाठी रचलेली नव्हती. पन्नासाव्या स्तोत्राच्या एका इंग्रजी पद्यरूपाची गोष्ट यावर नेहमी सांगितली जाते. देव येईल आणि तो गप्प बसणार नाही, असा मूळ अर्थ. पण ओळ नकाराच्या शब्दावर संपत होती आणि गप्प बसण्याची गोष्ट पुढच्या ओळीत होती. एकेक ओळ गाणाऱ्यांच्या तोंडी आधी देव येईल आणि येणारही नाही असं यायचं, आणि पुढची ओळ तर गप्प बसा पण बोला असा हुकूमच वाटायची.

आजीच्या तक्रारीला तीनशे वर्षांपूर्वीचा हा साक्षीदार सापडल्यावर मला बरं वाटलं. आणखी बरं वाटलं ते आयझॅक वॉट्स यांचं म्हणणं वाचून. इंग्रजी उपासनागीतांचा हा मोठा कवी. १७०७ साली आलेल्या आपल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत त्यांनी सांगून टाकलं की, ओळीच्या मध्ये विराम सहसा येऊ द्यायचा नाही आणि ओळीच्या शेवटी विराम नाही असंही सहसा होऊ द्यायचं नाही, असं धोरण आपण ठेवलं. कारण ओळ वाचून मग गाण्याची प्रथा त्यांना आवडत नव्हती, पण ती लवकर जाणार नाही हेही दिसत होतं. म्हणजे पद्धत बदलता येत नाही, तर ओळ तरी अशी करू की ती एकटी पडली तरी भलतं बोलणार नाही. मला यात कामाची शिस्त दिसते. आपलं लिखाण ज्या हाताळणीतून जाणार आहे ती लक्षात घेऊनच ते लिहायचं, अशी.

हीच गीतं पुढे नगरला आली. अमेरिकन मराठी मिशननं नगरमध्ये, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, १८३१ साली ठाणं उभारलं. तिथूनच १८४२ साली ‘ज्ञानोदय’ निघालं. ही मंडळी न्यू इंग्लंडकडची, वॉट्सच्या गीतांवर वाढलेली. हेन्री बॅलेंटाइन यांनी नगरला राहून इंग्रजी गीतं मराठीत आणली आणि ती मूळ चालींवर गाता यावीत अशी रचली. आता एक गंमत पाहा. वॉट्सनं जी ओळ इंग्रजीत शेवटाला नीट बंद केली होती, ती मराठीत येताच पुन्हा उघडी पडण्याचा धोका होता. त्यात भाषांतरकाराचा हलगर्जीपणा असायलाच हवा असं नाही. आपल्या वाक्याची घडणच तशी आहे.

इंग्रजीत कर्त्याच्या मागोमाग क्रियापद येतं. त्यामुळे वाक्य मध्येच तोडलं तरी कोणी काय केलं हे बहुतेक वेळा तोडायच्या आधीच कळलेलं असतं. राहतो तो तपशील, आणि तो पुढच्या ओळीत गेला तरी चालतो. नकारही क्रियापदाच्या आधी येतो, म्हणून तोही सहसा त्याच ओळीत सापडतो. पन्नासाव्या स्तोत्रासारखा अपघात व्हायला ओळ नेमकी त्या नकारावरच संपावी लागते. मराठीत साधं वाक्य बोलताना क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागून येतो. ‘मी तुला एकटं सोडणार नाही’ या वाक्यात ‘नाही’ म्हणेपर्यंत वाक्याचा अर्थ नेमका उलटा आहे. रोजच्या बोलण्यात हे खटकत नाही, कारण आपण ‘सोडणार’पाशी श्वास घेत नाही. गाण्यात श्वास कुठे घ्यायचा ते चाल ठरवते. आठ-सहा-आठ-सहाच्या चालीत सहाव्या अक्षरानंतर मोठा विसावा असतो. तिथे माझं ‘टाकणार दूर’ संपत होतं, आणि कानाला त्या जागी पूर्णविराम ऐकू येत होता.

इथे दोन प्रकारच्या तुटलेल्या ओळींमध्ये फरक करायला हवा. माझी पहिली ओळ, ‘अंधारात या तू आम्हा’, अर्धवट आहे, पण ती आपण अर्धवट असल्याचं लपवत नाही. ‘आम्हा’ म्हटल्यावर ऐकणारा थांबून राहतो, पुढे काहीतरी येणार हे त्याला ठाऊक असतं. अशी लोंबकळणारी ओळ फार तर बेंगरूळ. दुसरी ओळ वेगळी आहे. ती पूर्ण असल्यासारखी दिसते आणि पूर्ण होऊन खोटं सांगते. ऐकणारा पुढची वाट पाहतच नाही. खरी भीती या दुसऱ्या प्रकाराची आहे. तो ओळखायचा उपायही सोपा आहे. पुढची ओळ ठाऊक नसलेल्या माणसाला फक्त ती एक ओळ म्हणून दाखवायची आणि काय कळलं ते विचारायचं. ‘अजून काही कळलं नाही’ असं उत्तर आलं तर ओळ निभावेल. उत्तर आत्मविश्वासानं आणि चुकीचं आलं, तर ओळ मोडून पुन्हा करायची.

मग मराठी कवींनी शतकानुशतकं काय केलं? याचं उत्तर आमच्या तालुक्याच्या गावातूनच सुरू होतं. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. सुमारे नऊ हजार ओव्या. तीन चरण यमकानं बांधलेले आणि चौथा आखूड, मोकळा. पण ग्रंथातली ओवी वाक्याला अडवत नाही. ‘जैसे’ म्हणून एका ओवीत दृष्टांत सुरू होतो, त्याच्या मागे आणखी दोन-चार ओव्या दृष्टांतांच्याच येतात आणि ‘तैसे’ बरंच पुढे भेटतं. हे चालतं, कारण इथे एक सांगतो आणि बाकीचे ऐकतात. श्रोत्यानं एखादा चरण सुटा उचलून म्हणायचा नसतो. त्याला पुढच्या ओवीपर्यंत थांबायला वेळ असतो.

अभंगाचं तसं नाही. भजनात पुढचा एक चरण म्हणतो आणि टाळकरी तोच उचलतात, कधी दोनदा, कधी चार वेळा. धृपद तर प्रत्येक कडव्यानंतर परत येतं. म्हणजे चरण एकटा पडणारच हे अभंगाच्या कवीला आधीच माहीत असतं. मोठ्या अभंगाचा साचा सहा, सहा, सहा, चार अक्षरांचा आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं. सहा अक्षरांत मराठीत एक छोटं वाक्य जेमतेम मावतं. कवी लांब वाक्य घेऊन त्याचे तुकडे पाडत नाही, तर छोटी छोटी पुरी वाक्यं शेजारी मांडतो. साचा नीट समजावा म्हणून मी माझ्याच मजकुराचा अभंग करून पाहिला.

अंधार दाटला
वाट ही दिसेना
हात तो सोडेना
माझा देव

पहिले तीन चरण तीन स्वतंत्र वाक्यं आहेत. कुठलाही सुटा म्हणा, भलतं काही निघत नाही. चौथा चरण चारच अक्षरांचा असल्यामुळे त्यात वाक्य मावत नाही, पण ‘माझा देव’ एवढं नुसतं म्हटलं तरी ते स्वतःच्या पायांवर उभं राहतं. यातली खरी युक्ती मात्र मला लिहून झाल्यावर दिसली. ‘दिसेना’, ‘सोडेना’. मराठीजवळ असा एक नकार आहे जो क्रियापदाच्या पोटातच असतो. ‘सोडत नाही’ दोन शब्दांचं आहे, म्हणून त्याच्या मधून ओळ तोडता येते. ‘सोडेना’ तोडताच येत नाही. ‘नसे’, ‘नव्हे’, ‘नये’ हेही त्याच घरातले. ‘नको’ वेगळा शब्द असला तरी क्रियापदाच्या आधी जाऊन बसू शकतो, ‘नको सोडू’, म्हणून विनवणीत तोही उपयोगी पडतो. ही रूपं जुन्या पद्यात इतकी का भेटतात, याला छंदाची सोय हे एक कारण आहेच. ओळ मागून म्हणणाऱ्याला फसवत नाहीत, हा त्यांचा दुसरा गुण मला आजीमुळे कळला.

नगरच्या ख्रिस्ती मंडळीत ही देशी वाट आणणाऱ्यांत कृष्णराव रत्नाजी सांगळे आधीचे. त्यांनी देशी चालींवर पदं केली आणि कीर्तनाचा उपयोग उपासनेसाठी केला. मग आले नारायण वामन टिळक. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि नंतरची बरीच वर्षं त्यांनी नगरला मिशनच्या कामात काढली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांच्या संग्रहाचं नाव ‘अभंगांजली’. ‘ख्रिस्तायन’ त्यांनी ओवीत लिहायला घेतलं आणि १९१९ साली ते गेल्यावर लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं. छंदांची ही वाटणी मला आता वेगळी दिसते. सांगायची मोठी कथा ओवीत, कारण ती ऐकायची आहे. मंडळीनं तोंडात घोळवायचं ते अभंगात आणि पदांत, कारण ते उचलून म्हणायचं आहे. टिळकांबद्दल बोलताना त्यांनी उपासनेला देशी चाली दिल्या असं आपण म्हणतो. चालीबरोबर देशी थांबेही आले, हे सहसा म्हणत नाही. माझ्या मते मोठी गोष्ट ती आहे. परक्या चालीत मराठी शब्द कोंबले की श्वासाची जागा एकीकडे आणि वाक्याची जागा दुसरीकडे असं होऊ शकतं. अभंगात दोघांची जागा एकच असते.

मग मी अभंगच का ठेवला नाही? कारण चाल बदलायची नव्हती. ती इंग्रजी चाल आजोबांची आवडती होती, ते ती शीळ घालून वाजवत. शिवाय अभंगात देव ‘तो’ झाला होता. प्रार्थनासभेत देवाशी बोलायचं होतं, त्याच्याविषयी नाही. म्हणून आठ-सहा-आठ-सहा कायम ठेवून मी पुन्हा बसलो, या वेळी आजीला शेजारी घेऊन. एक ओळ म्हणायची, थांबायचं आणि काय कळलं ते तिला विचारायचं.

पहिला प्रयत्न नकार पुढे घेण्याचा होता. ‘अंधारात या आम्हाला / न सोडिसी कधी’. अक्षरं बरोबर आणि ‘न’ अगदी सुरुवातीला, म्हणून दुसरी ओळ सुरक्षित. आजीला अर्थ कळला, पण ती म्हणाली की हे पोथीतलं वाटतं, पोरांच्या तोंडी बसणार नाही. पहिली ओळही लोंबकळतच होती. दुसऱ्या प्रयत्नात मी नकार काढूनच टाकला.

अंधार होवो केवढा
तू आम्हा सोबती
हात आमचा धरिला
आता कुठे भीती

चारही ओळी सुट्या म्हणून पाहिल्या. पहिली नुसती म्हटली तरी धीराची वाटते. दुसरीत क्रियापद नाही, पण ‘तू आम्हा सोबती’ हे मराठीत क्रियापदाशिवायही पुरं वाक्य आहे, आणि अशा वाक्यात शेवटी येणाऱ्या शब्दाचा धोकाच उरत नाही. मला वाटलं, झालं काम. आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “समदं ग्वाड झालं. पर त्यो सोडणार न्हाई, हे कुठं गेलं?”

तिचं पुन्हा बरोबर होतं. सोबत असणं वेगळं आणि सोडून न जाणं वेगळं. ज्या बाईचा माणूस वर्षापूर्वी गेला, तिला सोबतीचं कौतुक नको होतं. तिला सोडण्याचा शब्द तोंडानं उच्चारून मग तो नाकारायचा होता. ओळी सुरक्षित करताना मी ज्याच्यासाठी गाणं होतं तेच काढून टाकलं होतं. वाक्य निर्धोक करण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्यातलं अवघड विधान गाळणं, आणि तो मार्ग घेतला हे लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

उत्तर शेवटी प्रश्नात सापडलं. मराठीत ‘सोडशील का रे?’ असं जवळच्या माणसाला विचारलं की त्यात ‘नाही’ आलेलाच असतो. तो उच्चारावा लागत नाही, म्हणून पुढच्या ओळीत पडण्याचा प्रश्नच येत नाही. ‘सोडशील का रे कधी’, बरोबर आठ अक्षरं. तिसऱ्या ओळीत ती बसली.

अंधार होवो केवढा
तू आम्हा सोबती
सोडशील का रे कधी
आता कुठे भीती

परीक्षा म्हणून मी ही तिसरी ओळ एकटीच म्हणून दाखवली. एक शंका होती. प्रश्न सुटा पडला तर तो खरा प्रश्न वाटेल, देवावर संशय घेतल्यासारखा. मी तसं बोलून दाखवलं. आजी म्हणाली, “वाटू दे की. रातच्याला इचारतेच मी.”

या ओळीत मला एक गोष्ट नव्यानं दिसली. सुटी ओळ निर्दोष असली पाहिजे, याचा अर्थ तिनं पूर्ण उत्तरच दिलं पाहिजे असा नाही. तिनं म्हणणाऱ्याच्या तोंडी त्याचं नसलेलं काही घालू नये, एवढंच. ‘टाकणार दूर’ हे आजीचं म्हणणं नव्हतं. ‘सोडशील का रे कधी’ हे तिचंच होतं.

या नियमाला मर्यादाही आहे. प्रत्येक ओळ अशी पुरी करत गेलं की गाणं म्हणींच्या यादीसारखं होण्याची भीती असते. वाक्य वाढवत नेऊन शेवटी उलगडण्यातला आनंद त्यात मिळत नाही. तो हवा असेल तर ओवीकडे जावं आणि ऐकणाऱ्यांसमोर सांगावं. पण समोरचे लोक मागून म्हणणार असतील, त्यांतल्या काहींना पडदा दिसत नसेल आणि एखादीला त्याच दिवशी ती ओळ म्हणायची असेल, तर वाक्याचा भार कवीनं उचलावा, तिनं नाही.

पुढच्या वर्षी त्याच दिवशी काकांनी पुन्हा ओळ दिली. पडदा मी लावलाच नव्हता. तिसऱ्या ओळीनंतर पेटी नेहमीसारखी थांबली, आणि पुढच्या सतरंजीवरून ती ओळ आणखी एकदा आली. काकांनी ती दुसऱ्यांदा दिली नव्हती.